प्रकल्प नोंदी: फोटोतल्या ईसीजी पट्टीवर पी, क्यूआरएस आणि टी शोधताना

२२ मार्च २०२५, भुसावळ

कामाचं स्वरूप आज ठरलं. ईसीजीच्या पट्टीचा मोबाइलनं काढलेला फोटो घ्यायचा, त्यातली काळी रेघ वेगळी काढायची, आणि तिच्यावर पी, क्यूआरएस आणि टी या लाटा कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते खुणांनी दाखवायचं. निदान करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. ताई नंदुरबार जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिथं नव्यानं येणाऱ्या मुलींना पट्टी वाचायला शिकवताना खुणा केलेल्या पट्ट्या हाताशी असाव्यात, एवढीच तिची मागणी आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे सिग्नलची बाजू माझी आणि हृदयाची बाजू तिची.

ताईला पहिलीच अट घातली: पट्टीवरचं नाव, वय, केस पेपरचा नंबर झाकून मगच फोटो काढायचा. तिनं त्यावर आपली अट घातली. "भाऊ, पट्टीच्या खालची बारीक अक्षरं मात्र झाकू नको. त्याच्याशिवाय पट्टी वाचताच येत नाही."

ती अक्षरं म्हणजे कागदाचा वेग आणि उंचीचं माप. नेहमीचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि उंची एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. या वेगानं एक लहान चौकोन, म्हणजे १ मिलिमीटर, ४० मिलिसेकंदांचा होतो आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन २०० मिलिसेकंदांचा. मशीन ५० च्या वेगावर ठेवलेलं असेल तर तीच पट्टी दुप्पट ताणलेली दिसते आणि सगळे आकडे दुप्पट येतात. म्हणून ही अक्षरं फोटोत नसतील तर तो फोटो आमच्या संग्रहात घ्यायचा नाही.

२९ मार्च

रेघ आणि चौकट वेगळी करणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, कारण चौकट लाल-गुलाबी असते आणि रेघ काळी. फोटोतला फक्त लाल रंगाचा थर घेतला, की पांढरा कागद आणि लाल चौकट दोन्ही उजळ दिसतात आणि काळी रेघ तेवढी गडद उरते. उलट लाल थरातून हिरवा थर वजा केला, की पांढरं शून्य होतं, काळंही शून्य होतं आणि नुसती चौकट हातात येते.

```python
import cv2, numpy as np

img = cv2.imread("strip.jpg")
b, g, r = cv2.split(img)
grid  = cv2.subtract(r, g)   # फक्त लाल चौकट
trace = r < 100              # फक्त काळी रेघ
```

चौकट टाकून द्यायची नाही, कारण फोटोत मोजपट्टी म्हणून तेवढी एकच गोष्ट असते. मोबाइल किती उंचीवर धरला होता ते कोणी सांगू शकत नाही, पण मोठ्या चौकोनाची रुंदी किती पिक्सेल आहे हे फोटोच सांगतो. उभ्या रेघा ठरावीक अंतरानं येतात, म्हणून चौकटीचं चित्र स्वतःवरच सरकवून ते पुन्हा कुठे जुळतं ते पाहायचं.

```python
s = grid.sum(axis=0).astype(float)
s -= s.mean()
ac = np.correlate(s, s, "full")[len(s)-1:]
box = 30 + np.argmax(ac[30:90])   # मोठा चौकोन, पिक्सेलमध्ये
```

आजच्या फोटोत मोठा चौकोन ६२ पिक्सेलचा आला. म्हणजे लहान चौकोन १२.४ पिक्सेल, आणि एक पिक्सेल साधारण ३.२ मिलिसेकंद. पी लाट सुमारे १०० मिलिसेकंद रुंद असते, म्हणजे तिला तीसेक पिक्सेल मिळतात. तेवढे पुरतात.

६ एप्रिल

ताईनं पाठवलेले काही फोटो आज बाद करावे लागले. त्यात तिचा काही दोष नाही. मेसेजमधून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि रंगाची माहिती त्यात सर्वांत आधी कमी केली जाते. त्यामुळे चौकटीचा गुलाबी रंग काळ्या रेघेच्या कडेला पसरतो आणि रेघ जाड, फाटकी दिसते. मोठ्या क्यूआरएसला याचं काही वाटत नाही. पण पी लाटेची उंचीच जेमतेम एक-दोन मिलिमीटर, आणि रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर. दाबलेल्या फोटोत लहान चौकोनाला सहाच पिक्सेल उरले, की एक मिलिमीटरची पी रेघेच्या जाडीतच विरते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. यापुढे तसंच पाठवायचं.

दुसरी अडचण तिरकस फोटोची. एका फोटोत डाव्या टोकाला मोठा चौकोन ५८ पिक्सेलचा, उजव्या टोकाला ६६ चा. अशा फोटोत एकच सरासरी माप लावलं तर डावीकडचे अंतराल खऱ्यापेक्षा लहान आणि उजवीकडचे मोठे निघतात, आणि पट्टीत नसलेला फरक पट्टीत दिसू लागतो. आधी चौकटीचे चार कोपरे धरून फोटो सरळ करायचा. नंतर दोन्ही टोकांची मापं पुन्हा काढायची. ती जुळली तरच पुढे जायचं.

पट्ट्यांच्या कागदाबद्दल ताईला एक सांगितलं. हा कागद उष्णतेनं काळा होणारा असतो, म्हणून तो गरम लॅमिनेशनमध्ये घातला की सगळा काळा पडतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवलेली पट्टीही करपून राखाडी होते. पट्टी निघाली की त्याच दिवशी सावलीत, तिरपा उजेड टाळून, वरून सरळ फोटो काढायचा.

१३ एप्रिल

आज लाटा ओळखण्याचं काम सुरू केलं, आणि सुरुवात क्यूआरएसपासून. पट्टीवर पहिला नंबर पीचा असला तरी शोधायला आधी क्यूआरएसच घ्यावा लागतो, कारण तो एकटाच सहज सापडतो. तो उंच असतो म्हणून नव्हे. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाची टी लाटही उंच, टोकदार होते, आणि फक्त उंची पाहणारा प्रोग्रॅम तिलाही ठोका समजून गती दुप्पट सांगतो. क्यूआरएसची खरी ओळख म्हणजे त्याचा चढ. म्हणून रेघेचा उतार काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत बेरीज करत जायचं. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत आजही चालते.

चढ एवढा का असतो, ते ताईनं फोनवर समजावलं. उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस गाठीतून संदेश निघतो आणि दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरतो. ती पी लाट. त्या कप्प्यांच्या भिंती पातळ, म्हणून लाट बुटकी आणि गोल. पुढे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये असलेल्या एव्ही गाठीत संदेश मुद्दाम रेंगाळतो, म्हणजे वरून रक्त खाली उतरायला वेळ मिळतो. पट्टीवर तिथं सपाट रेघ दिसते. मग संदेश वेगवान तंतूंतून खालच्या कप्प्यांत एकदम पोचतो, आणि जाड स्नायू जवळजवळ एकाच वेळी पेटतात. म्हणून क्यूआरएस उंच, टोकदार आणि अरुंद. निरोगी माणसात १२० मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे तीन लहान चौकोनांपेक्षा कमी. तंतूंची वाट सोडून संदेश स्नायूतून स्नायूत रांगत गेला, की तोच क्यूआरएस रुंद होतो.

टी लाट ही खालच्या कप्प्यांची सावरण्याची लाट. सावरताना संदेश कुठल्या तारेतून धावत नाही, प्रत्येक पेशी आपल्या वेळेनं सावरते, म्हणून टी संथ आणि रुंद. वरचे कप्पेही सावरतात, पण त्यांची छोटी लाट क्यूआरएसखाली दबून जाते.

फोटोतून रेघ काढताना क्यूआरएसपाशी एक काळजी घ्यावी लागते. बाकी सगळीकडे एका उभ्या ओळीत रेघेचे मोजके पिक्सेल असतात, त्यांचा मधला बिंदू घेतला की काम होतं. क्यूआरएसमध्ये रेघ जवळजवळ उभी असल्यानं एकाच ओळीत शंभर पिक्सेल काळे येतात. तिथं मधला बिंदू घेतला तर आर लाट, म्हणजे क्यूआरएसचं वर उठणारं टोक, अर्धी कापली जाते. त्या ओळींत मधल्याऐवजी आधाररेषेपासून सर्वांत लांबचा बिंदू घ्यायचा.

२० एप्रिल

क्यूआरएस सापडला, की त्याच्या आधीच्या ३०० मिलिसेकंदांत पी शोधायची आणि नंतरच्या ५०० मिलिसेकंदांत टी. निरोगी पट्ट्यांवर खुणा नेमक्या बसतात. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर, म्हणजे पीआर, १२० ते २०० मिलिसेकंद असावं. लहान चौकोनांत तीन ते पाच. लीड दोनमध्ये, म्हणजे मशीन हृदयाकडे ज्या वेगवेगळ्या कोनांतून पाहतं त्यांतल्या एकात, पी वर उठलेली असावी.

एका पट्टीत पीच्या जागी बारीक दातेरी रेघ होती. मोजल्यावर एका लहान चौकोनात बरोबर दोन दाते आले. ४० मिलिसेकंदांत दोन, म्हणजे सेकंदाला ५०: विजेच्या लाइनची गुणगुण. हृदयाची कुठलीही लाट इतकी नेमानं ५० वेळा येत नाही. ताईला विचारलं, तर खाटेशेजारी कूलर चालू होता. अर्थिंग आणि चिकटपट्ट्या तपासून पट्टी पुन्हा काढायची, एवढंच त्याचं उत्तर.

३० एप्रिल, आखाजी

ताई माहेरी आली. अंगणात झोका बांधलाय, घरात पुरणपोळी आणि आमरस, आणि तिच्या पर्समध्ये एका घडीतली पट्टी. "ही बघ. आमच्या सरांनी ही दाखवून सगळ्यांचा वर्ग घेतला."

रुग्ण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, साठी ओलांडलेला शेतकरी. तक्रार एवढीच: "माले चक्कर येस." नाडी पन्नास. पट्टीच्या डोक्यावर मशीननं आपणहून छापलं होतं: सायनस ब्रॅडिकार्डिया. म्हणजे सायनस गाठच हळू चाललीय, बाकी ठीक.

फोटो काढून प्रोग्रॅमला दिला. त्यानंही तेच सांगितलं. दोन आर लाटांमधलं अंतर ३० लहान चौकोन. मिनिटात १५०० लहान चौकोन सरकतात, म्हणून १५०० भागिले ३० म्हणजे मिनिटाला ५०. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी. पीआर पाच चौकोन, २०० मिलिसेकंद, सरळ मर्यादेवर. क्यूआरएस ९० मिलिसेकंद, अरुंद. टी मात्र लांबलचक, तिची शेवटची खूण क्यूआरएसच्या सुरुवातीपासून साडेबारा चौकोनांवर पडली.

ताई हसली. "टीला कुबड आलंय, ते दिसत नाही का तुझ्या मशीनला?"

पट्टी डोळ्यांजवळ धरली. टी चढते, आठव्या चौकोनापाशी शिखर गाठते आणि उतरू लागते. पण आधाररेषेला टेकण्याआधी दहाव्या चौकोनापाशी तिचा उतार थबकतो, किंचित पुन्हा वर जातो, आणि मग खाली येतो. प्रत्येक ठोक्यात तसंच, त्याच जागी.

ताईनं वहीच्या कागदाची एक अरुंद पट्टी फाडली. तिची कड ईसीजीवर टेकवून दिसणाऱ्या दोन लागोपाठच्या पींच्या सुरुवातीला पेन्सिलनं दोन टिंबं केली. मग तो कागद असा दुमडला की दोन्ही टिंबं एकमेकांवर आली, आणि घडी दाबली. उलगडून पुन्हा जागेवर ठेवला. घडी पडली ती थेट कुबडापाशी.

"दोन पींच्या बरोबर मधे तिसरी पी लपलेली असते, टीच्या पोटात. सर म्हणाले, गती कमी दिसली आणि टी जरा विचित्र वाटली की आधी कागद दुमडायचा."

हिशेब बघा. दिसणाऱ्या दोन पींमध्ये ३० चौकोन. मधे एक लपलेली, म्हणजे पी ते पी १५ चौकोन, मिनिटाला १००. सायनस गाठ हळू नाहीच. ती शंभरच्या गतीनं संदेश पाठवतेय, आणि दर दुसरा संदेश एव्ही गाठीपाशी किंवा तिच्याखाली अडतोय. दिसणाऱ्या पीपासून पाच चौकोनांवर क्यूआरएस, म्हणून लपलेली पी क्यूआरएसच्या सुरुवातीपासून दहा चौकोनांवर, ४०० मिलिसेकंदांवर. नेमकी टीच्या उतरत्या अंगावर. दोनास एक असा हा हृदयरोध आहे, आणि सायनस ब्रॅडिकार्डियापेक्षा ही गोष्ट सर्वस्वी वेगळी.

रुग्णाला त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सनं धुळ्याला पाठवलं होतं.

१ मे

ताई अजून इथंच आहे, म्हणून कालच्याच पट्टीवर बसलो. कुबड कागदावर डोळ्यांना दिसतं, तर प्रोग्रॅमला का दिसलं नाही? रेघेतला खरखरीतपणा घालवायला आपण १२० मिलिसेकंदांची सरासरी लावतो. टीचा उतार आणि पीचा चढ यांच्यामधली खाच जेमतेम ४० मिलिसेकंदांची, एका लहान चौकोनाएवढी. तिच्या तिप्पट रुंदीची सरासरी फिरवली की खाच भरून जाते आणि दोन लाटांची मिळून एक रुंद टी तयार होते. सरासरीची खिडकी ४० मिलिसेकंदांवर आणली, म्हणजे या फोटोत बारा पिक्सेल. खाच परत आली. रेघ थोडी खरखरीत राहते, राहू दे.

मग कागद दुमडण्याचीच रीत प्रोग्रॅममध्ये घातली. दिसणाऱ्या प्रत्येक दोन पींचा मध्य काढायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना ८० मिलिसेकंद पाहायचं. टीच्या शिखरानंतर रेघ फक्त उतरत जायला हवी. ती उतरता उतरता पुन्हा चढली आणि हे सगळ्या ठोक्यांत त्याच जागी झालं, तर तिथं "पी?" अशी प्रश्नचिन्हासह खूण करायची.

निरोगी टीचा साचा घेऊन तो वजा करावा, असंही सुचलं होतं. पण या पट्टीत कुबडाशिवायची एकही टी नाही. साचा काढायचा तर तो कुबडासहितच निघतो, आणि वजा केल्यावर हाती काहीच राहत नाही. म्हणून उताराकडे पाहण्याचीच रीत ठेवली.

४ मे

दोन्ही बाजूंना ८० मिलिसेकंद का, नेमका मध्यच का नाही? आखाजीच्या पट्टीत चौकटीवर बारकाईनं मोजलं तर कुबडातली पी मध्यापासून अर्धा चौकोन डावीकडे आहे. म्हणजे ज्या दोन पींच्या मधे क्यूआरएस येतो त्यांच्यातलं अंतर साडेचौदा चौकोन, आणि ज्यांच्या मधे येत नाही त्यांच्यातलं साडेपंधरा. अशा हृदयरोधात हे बऱ्याचदा आढळतं, डॉक्टरांना ते माहीत असतं. दोन अंतरं नेमकी सारखी नाहीत म्हणून "ही पी नव्हेच" असं म्हणून चालत नाही.

दुसरी शंका ताईच्या सहकारी मुलीनं काढली आणि ती फार मोलाची आहे. टीनंतर कधी कधी यू नावाची आणखी एक छोटी लाट येते. हे कुबड म्हणजे यू कशावरून नाही? एकाच नेमाच्या पट्टीवर याचं उत्तर देणं अवघड, कारण दोन्ही लाटा त्याच जागी येत राहतील. उत्तर मिळतं ते नेम मोडतो तिथं. यू टीला बांधलेली असते, टी जिथं जाईल तिथं मागे जाते. पी टीला ओळखत नाही, ती स्वतःच्या ठेक्यानं चालते. म्हणून लांब पट्टी काढायची आणि ठोक्यांमधलं अंतर कुठं बदलतंय ते पाहायचं.

११ मे

ताईनं त्याच रुग्णाच्या लांब पट्टीचा फोटो पाठवला, रुग्णालयातून निघण्याआधी काढलेली. ती ३० चौकोनांच्या नेमानं चालते आणि मधेच एके ठिकाणी बदलते: दोन आर लाटांमधलं अंतर एकदा १८ चौकोन, पुढचं २७, आणि परत ३०, ३०.

हा तुकडा सावकाश वाचला. मोजणी पहिल्या पीपासून धरतो आणि सोपं जावं म्हणून पी ते पी सरसकट १५ चौकोन. पहिली पी शून्यावर, तिचा क्यूआरएस पाचवर. दुसरी पी १५ वर, म्हणजे नेहमीच्या कुबडाच्या जागी. पण या वेळी ती अडली नाही. तिच्यामागे २३ वर क्यूआरएस आला. पीआर आठ चौकोन, ३२० मिलिसेकंद. तिसरी पी ३० वर, नव्या टीच्या चढावर बसलेली, आणि तिच्यामागे क्यूआरएस नाही. चौथी पी ४५ वर, तिचा क्यूआरएस ५० वर, पीआर पुन्हा पाच. ५ ते २३ अठरा, २३ ते ५० सत्तावीस. जुळलं. आणि दोन्हींची बेरीज ४५, म्हणजे पी ते पीच्या बरोबर तिप्पट.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. कुबड यू नाही, कारण एकदा त्याच्यामागून क्यूआरएस निघाला, आणि पुढच्या ठोक्यात ते टीच्या उतारावरून चढावर सरकलं. टीला बांधलेली लाट असं करत नाही. दुसरी गोष्ट: अडण्याआधी पीआर लांबला, पाचावरून आठावर. लांबत लांबत शेवटी एक ठोका गळणं ही वेंकेबाख प्रकाराची खूण, आणि अरुंद क्यूआरएससह ती असली की अडथळा बहुतेक एव्ही गाठीतच असतो. नुसत्या दोनास एकच्या पट्टीवरून हे कधीच सांगता येत नाही. लांबण्यासाठी लागोपाठ दोन पीआर हवेत, आणि तिथं दर एका ठोक्यानंतर लगेच गळती असते. त्यामुळे तशा पट्टीवर प्रकार लिहायचा नाही, "दोनास एक, लांब पट्टी काढावी" एवढंच लिहायचं. प्रोग्रॅमच्या छापील ओळीत आता तेच शब्द आहेत.

१८ मे

कागद दुमडण्याची रीत जिथं चालत नाही ती जागा आज सापडली, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

लपलेली पी टीवर पडली तर निदान कुबड तरी येतं. ती क्यूआरएसच्या आतच पडली तर काहीच दिसत नाही. ताईनं दाखवलेल्या सरावाच्या एका पट्टीत आर ते आर दहा चौकोन होते, मिनिटाला १५०, आणि दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध एक लाट. प्रोग्रॅमनं तिला पी म्हटलं आणि पीआर २०० मिलिसेकंद मोजला. पण लाट जर दोन क्यूआरएसच्या अगदी मध्यावर असेल, तर तिची जोडीदार क्यूआरएसच्या पोटात असण्याचा संशय घ्यायचा असतो. बिक्स यांच्या नावानं डॉक्टर हा नियम ओळखतात. अलिंदांचा फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची नेमानं चालणारी फार वेगवान फडफड, मिनिटाला सुमारे ३०० च्या गतीनं असतो आणि त्यातला दर दुसराच संदेश खाली उतरतो, तेव्हा पट्टी अशीच दिसते.

क्यूआरएसमधून ती लाट फोटोच्या जोरावर वेगळी काढता येत नाही. उभ्या रेघेच्या त्या ओळींत आपण लांबचा एकच बिंदू घेतो, मधलं सगळं टाकून देतो. म्हणून अशा वेळी प्रोग्रॅम पीची खूण करणार नाही. लाट क्यूआरएस ते क्यूआरएसच्या मध्यापासून एका लहान चौकोनाच्या आत असेल आणि गती १३० ते १७० असेल, तर "पी ठरवता येत नाही, व्ही-एक लीड पाहा" अशी ओळ छापेल. व्ही-एक उजव्या वरच्या कप्प्याच्या जवळ असतं, आणि तिथं या लाटा बऱ्याचदा सुट्या दिसतात. ताईला त्या लीडचे फोटो वेगळे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं आहे.